आठ ओळींच्या मागची पार्श्वभूमी : सीमाभागातल्या नवमतदारांची कविता

आता अठरा भरली,
यादी उघडून पाहा;
नाव नसेल तिच्यात,
मग भरा फॉर्म सहा.
कुणी सांगेल ते ऐका,
ठरवा तुम्ही मनात;
शाई सांगे ‘मत दिलं’,
कुणाला, ते राही आत.

मतदार जागृतीसाठी कॉलेजच्या भिंतीवर लावायला लिहिलेली ही कविता. वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? ना देश, ना क्रांती, ना नवी पहाट. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात निवडणुकीवर कविता लिहायची आणि ती कुणाच्याच बाजूची वाटू द्यायची नाही, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. त्याची कारणं जुनी आहेत.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड वगळता, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेव्हापासून इथला मराठी मतदार आमदार निवडतानाच आपण कोणत्या राज्यात राहू इच्छितो, हेही मतपेटीतून सांगू लागला. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार म्हणजे त्या मागणीचा उमेदवार. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, तो महाराष्ट्राने नाकारला. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्या वर्षांत इथे मतदानाला भाषेचा रंग होताच. बेळगाव महापालिकेच्या निवडणुकाही बराच काळ मराठी गट विरुद्ध कन्नड गट अशाच लढल्या गेल्या. मोठे पक्ष आपापल्या चिन्हांवर तिथे उतरले ते थेट 2021 मध्ये.

याचं टोक गाठलं गेलं 1996 च्या लोकसभेला. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायचं म्हणून समितीने बेळगाव मतदारसंघात शेकड्यांनी अर्ज भरले आणि रिंगणात 456 उमेदवार उरले. तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. 456 नावं आणि तितकीच चिन्हं मावतील असा कागद म्हणजे मतपत्रिका कसली, जवळपास चोपडंच. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंड्यातही असंच घडलं होतं. संसदेने लगेच कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपयांवरून 10,000 झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. देशभरातल्या अपक्षांना आज जो दहा सूचकांचा नियम लागतो, त्याला आपल्या गावाचा असा हातभार आहे. हे अभिमानाने सांगायचं की कपाळाला हात लावून, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कवितेशी याचा संबंध चिन्हांतून येतो. तरुणांसाठी लिहायला बसलं की पहिल्या झटक्यात काय सुचतं? हातात हात, पेटती मशाल, तुतारी फुंकणं, चिखलातलं कमळ. यातलं एकही इथे चालत नाही. हात आणि कमळ ही कर्नाटकातली चालू चिन्हं. डोक्यावर भाताची पेंढी घेतलेली बाई दिसायला कितीही काव्यमय असली, तरी ती जनता दल धर्मनिरपेक्षची. मशाल, तुतारी आणि धनुष्यबाण महाराष्ट्रातले, पण इथल्या घरांत बातम्या मराठी वाहिन्यांच्याच लागतात, त्यामुळे ती चिन्हं पोरांना पाठ आहेत. शिवाय अपक्षांना देण्यासाठी आयोगाची मुक्त चिन्हांची यादी असते. तिच्यात शिट्टी, बॅट, शिलाई मशीन अशा घरातल्या वस्तू निघतात. म्हणून कवितेत वस्तूच कमी ठेवल्या. उरली ती यादी, फॉर्म आणि शाई, म्हणजे ज्या गोष्टी प्रत्येक मतदाराच्या वाट्याला सारख्याच येतात.

भाषा आणि सीमा यांचा उल्लेख टाळण्यामागे कायद्याचीही एक बाजू आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो. हे बंधन उमेदवार आणि त्याच्या माणसांवर आहे, कॉलेजवर नाही. पण 25 जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाला विद्यार्थी जी प्रतिज्ञा घेतात, तिच्यातही भाषेच्या प्रभावाखाली न येता मतदान करू, असं वचन आहे. ज्या वर्गात मराठी आणि कन्नड मुलं एका बाकावर बसतात, तिथे सकाळी ती प्रतिज्ञा आणि दुपारी ‘मायबोलीसाठी मत द्या’ असा फलक, हे जुळत नाही. सीमाप्रश्नावर मत असू नये असं कुणी म्हणत नाही. त्याची जागा या भिंतीवर नाही, इतकंच.

आता अठराचं. 1989 पर्यंत मतदानाचं वय एकवीस होतं. 61 वी घटनादुरुस्ती 28 मार्च 1989 ला लागू झाली आणि वय अठरावर आलं. तरीही बरीच वर्षं एक खोच राहिली होती. वय मोजायचं ते फक्त 1 जानेवारीला. ऑगस्ट 2022 पासून वर्षात चार तारखा झाल्या : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. समजा एखाद्या मुलीचा जन्म 12 मे 2008 चा आहे. जुन्या नियमाने तिचं नाव 1 जानेवारी 2027 च्या हिशेबात आलं असतं; आता 1 जुलै 2026 च्या हिशेबात येतं. सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आगाऊही देता येतो. फॉर्म सहा voters.eci.gov.in वर भरता येतो, किंवा गावातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याकडे, देता येतो. पण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव चढत नाही. आणि खिशात ओळखपत्र असलं, तरी यादीत नाव नसेल तर केंद्रावरून परतावं लागतं. कवितेच्या पहिल्या चार ओळी मतदानावर नसून यादीवर आहेत, त्या यासाठी.

सीमाभागात या यादीला आणखी एक पीळ आहे. चंदगडची मुलं शिकायला बेळगावात येतात आणि निपाणीची मुलं कोल्हापूरला जातात. नाव गावी ठेवायचं की शिकण्याच्या ठिकाणी, असा प्रश्न हॉस्टेलमध्ये हमखास निघतो. जिथे नेहमीचं राहणं आहे तिथे नाव नोंदवायचं, पण एकाच ठिकाणी. जुनं नाव असताना दुसऱ्या जागी नव्याने फॉर्म सहा भरायचा नसतो. जागा बदलली तर फॉर्म आठ. अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. दोन्हीकडे नाव असलेले महाभाग आपल्याकडे कमी नसतील, पण दोन राज्यांच्या याद्या आहेत म्हणून दोन मतं मिळत नाहीत. कवितेत यादी कुठली ते मुद्दाम सांगितलेलं नाही, कारण वाचणाऱ्या दोघांपैकी एकाची यादी हद्दीपलीकडची असू शकते.

शाईची ओळ मात्र कन्नडिगांच्या आणि आपल्या बोटावर सारखीच उमटते. ही शाई म्हैसूरच्या मैसूर पेंट्स अँड वार्निश या कर्नाटक सरकारच्या कंपनीत बनते. 1962 च्या निवडणुकीपासून ती देशभर जाते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते उन्हात कातडीवर काळं पडतं आणि धुऊन जात नाही. ती डाव्या तर्जनीला लावतात. शेवटच्या दोन ओळींत गुप्त मतदानाचा नियम आहे. शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकायला हरकत नाही. केंद्रात मोबाईल नेऊन मशीनचा फोटो काढणं मात्र अंगाशी येतं.

कविता भिंतीवर कधी लावायची, हेही यातूनच ठरतं. मतदानाच्या आठवड्यात लावली तर पहिल्या चार ओळी वाया जातात, कारण तोवर यादी बंद झालेली असते. जून आणि सप्टेंबर हे महिने बरे. पुढची तारीख तोंडावर असते आणि कॉलेजचे वर्गही भरलेले असतात.