थकबाकीची नोटीस आणि तडजोड पाळायला सांगणारं पत्र

मध्यस्थीत तडजोड झाली, कंपनीने सही केली आणि ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत, की बहुतेक जण सांगतात, ‘नोटीस ठोका.’ मला हा सल्ला घातक वाटतो. थकबाकीची नोटीस आणि तडजोडीची पूर्तता मागणारं पत्र दिसायला सारखीच असतात. दोन्हींत रक्कम असते, मुदत असते, न दिल्यास काय करू तेही असतं. पण नोटीस मूळ येण्यावर उभी असते आणि पत्र सही झालेल्या तडजोडीवर.

समजा, अंबडच्या एमआयडीसीतल्या एका उद्योजकाने द्राक्ष निर्यात करणाऱ्या कंपनीला पुठ्ठ्याची खोकी पुरवली. येणं ११,४०,००० रुपये. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे, दाव्याआधीची मध्यस्थी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात झाली. ८,५०,००० वर मिटलं. १५ जूनला ३ लाख, १५ जुलैला ३ लाख, १४ ऑगस्टला उरलेले अडीच लाख. एक हप्ता चुकला तर सगळी बाकी लगेच देय आणि त्या दिवसापासून द.सा.द.शे. १२ टक्के व्याज. २० मे रोजी सह्या झाल्या, प्रती मिळाल्या. जूनचा हप्ता आला, जुलैचा आला नाही.

रागाच्या भरात लिहिलेल्या नोटिशीत मूळ ११,४०,०००, त्यावर २४ टक्के व्याज आणि मानसिक त्रासाची भरपाई येते. तिथे कंपनीच्या वकिलाला आयती संधी मिळते: ‘तुम्हीच तडजोड मोडली.’ शिवाय मिळत काहीच नाही. कलम १२-अ खालच्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो आणि तिची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होते. अंमलबजावणी करणारं न्यायालय कागदात लिहिलंय तेवढंच वसूल करून देतं, त्यापलीकडे जात नाही.

म्हणून पत्रात मागायचं ते कागदावरचंच: बाकी ५,५०,००० आणि १६ जुलैपासून व्याज. वर्षाचं व्याज ६६,००० होतं, म्हणजे दिवसाला सुमारे १८०.८२ रुपये. शेवटची तारीख १० ऑगस्ट दिली तर २६ दिवसांचे ४,७०१ रुपये, एकूण ५,५४,७०१. आकडा असा मांडला की हिशेबावर वाद घालायला जागा उरत नाही. मजकूर साधारण असा:

‘दि. २० मे च्या तडजोडीप्रमाणे १५ जुलै रोजी देय असलेला ३,००,००० रुपयांचा हप्ता आपण दिलेला नाही. हप्ता चुकल्याबाबतच्या अटीनुसार बाकी ५,५०,००० रुपये आणि १० ऑगस्टपर्यंतचं व्याज ४,७०१ रुपये, एकूण ५,५४,७०१ रुपये, १० ऑगस्ट रोजी सायंकाळी ५ पर्यंत सोबतच्या खात्यात जमा करावेत. ही तारीख मूळ मुदतीत वाढ नाही. त्यानंतर आलेली किंवा अपुरी रक्कम बाकीच्या हिशेबात, आमचे हक्क अबाधित ठेवून, जमा धरली जाईल.’

‘मुदतीत वाढ नाही’ हे वाक्य विसरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे येणेकरी स्वतःहून मुदत वाढवू शकतो, कमी रकमेवरही समाधान मानू शकतो. फोनवर कंपनीचा माणूस ‘महिनाभर थांबा’ म्हणाला आणि आपण ‘बरं’ म्हटलं, तर ते आपल्याच अंगावर येऊ शकतं. अशा फोननंतर त्याच दिवशी ‘मुदतवाढ मान्य केलेली नाही’ असा ईमेल पाठवावा.

मध्यस्थीच्या बैठकीत कोण काय बोललं, हे पत्रात आणू नये. ‘तुमच्या मॅनेजरने चूक कबूल केली होती’ असं नोटिशीत सहज लिहिलं जातं, पण मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. पत्रासाठी सही झालेल्या अटी पुरेशा आहेत. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पोच मिळेल अशा टपालाने पाठवावं, आणि तडजोडीवर सही करणाऱ्यालाही ईमेल करावा.

‘११ ऑगस्टला जप्ती आणू’ असंही लिहू नये. निवाड्याला आव्हान देण्याची मुदत प्रत मिळाल्यापासून तीन महिने असते, आणि ती संपण्याआधी अंमलबजावणी मागता येत नाही. इथे ती २० ऑगस्टला संपते. ‘कायद्याने वाट खुली होताच अंमलबजावणीची दरखास्त दाखल करू’ एवढंच लिहावं.

काही वेळा नोटीसच योग्य ठरते. ‘हप्ता चुकल्यास तडजोड रद्द आणि मूळ येणं पुन्हा जिवंत’ अशी अट असेल, तर तडजोड धरून ठेवायची की मूळ येणं मागायचं, याची आधी निवड करावी लागते. आणि मध्यस्थाची सही नसलेला, दोघांनी आपसात केलेला कागद असेल तर तो साधा करार. त्यावर थेट दरखास्त चालत नाही; नोटीस देऊन दावाच लावावा लागतो. म्हणून कागदाच्या शेवटच्या पानावरच्या सह्या आणि हप्ता चुकल्याची अट, एवढं आधी वाचावं.

दरखास्तीपूर्वी असं पत्र द्यायलाच हवं, अशी सक्ती नाही. १० ऑगस्ट उलटला तर दुसरं पत्र लिहीत बसू नका. २० ऑगस्टनंतर तडजोडीची प्रत, बँकेचा उतारा, पत्राची पोच आणि व्याजाचा तक्ता घेऊन दरखास्त दाखल करा. कंपनीचं खातं किंवा मालमत्ता पुण्यात असेल तर थेट तिथल्या न्यायालयात जाता येतं. लवादी निवाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.