याकच्या मागे बायसन कसा आला

लिनक्सवर `bison` नावाची एक कमांड आहे. एखाद्या भाषेच्या व्याकरणाचे नियम तिला फाइलमध्ये लिहून दिले की ते नियम ओळखणारा सी भाषेतला प्रोग्रॅम ती तयार करून देते. या कामाचा आणि शिंगं असलेल्या जनावराचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो आधीच्या साधनाच्या नावाशी.

ते आधीचं साधन म्हणजे `yacc`. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ते लिहिलं. कम्पायलर लिहून देणारे प्रोग्रॅम तेव्हा बरेच होत होते, म्हणून नाव ठेवलं 'येट अनदर कम्पायलर-कम्पायलर', म्हणजे 'आणखी एक'. आपल्याच कामाला कंटाळल्यासारखं हे नाव. पण त्याची आद्याक्षरं मोठ्याने वाचली की ऐकू येतो तो याक, हिमालयातला केसाळ बैल. मग १९८५ च्या सुमारास रॉबर्ट कॉर्बेट यांनी त्याच कामाचं नवं साधन लिहिलं आणि त्याला याकच्याच भाऊबंदांतलं नाव मिळालं: बायसन. रिचर्ड स्टॉलमन यांनी पुढे त्यात फेरफार करून याकसाठी लिहिलेल्या फाइली बायसनलाही चालतील असं केलं.

हे नातं नुसतं नावापुरतं नाही, हे पाहायचं तर `calc.y` अशी एक फाइल घ्या:

```
yacc calc.y       # y.tab.c
bison calc.y      # calc.tab.c
bison -y calc.y   # y.tab.c
```

मूळ याक निकालाची फाइल नेहमी `y.tab.c` याच नावाने लिहितो, मग मूळ फाइल कोणतीही असो. एकाच फोल्डरमध्ये दोन व्याकरणं असली की दुसऱ्याचा निकाल पहिल्यावर बसतो. बायसनने ही खोड मोडली आणि मूळ फाइलचं नाव पुढे चालवलं. पण जुनी मेकफाइल अजून `y.tab.c` शोधत असेल, तर बायसन बिनतक्रार काम उरकतो आणि पुढच्या पायरीला सी कम्पायलर 'फाइल सापडत नाही' म्हणून थांबतो. चूक आपल्या व्याकरणात असेल असं वाटून माणूस तिथेच शोधत बसतो. अशा वेळी `-y` लावायचं: मग बायसन याकचं सोंग घेतो.

बायसन ज्या घरात वाढला त्या घराचं नावही जनावराचंच, ग्नू. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. नावाचा विस्तार 'ग्नू इज नॉट युनिक्स', आणि त्यातल्या पहिल्या अक्षराचा विस्तार पुन्हा तेच नाव, म्हणजे उलगडत बसलात तर शेवट नाही. ही चाल त्यांचीच पहिली होती असं मात्र नाही. एमआयटीच्या वर्तुळात त्याआधीच 'आयने' नावाचा एडिटर होता, 'आयने इज नॉट ईमॅक्स'. त्याच्या पुढच्या अवताराचं नाव 'झ्वाय', 'झ्वाय वॉज आयने इनिशियली'. जर्मनमध्ये आयने म्हणजे एक आणि झ्वाय म्हणजे दोन. माझ्या मते या सगळ्या खानदानातला हा सर्वांत नेटका विनोद. खुद्द युनिक्सही मल्टिक्स या अवजड प्रणालीला मारलेला टोमणाच: तिथे 'मल्टी', इथे 'युनी'.

प्राणी नसलेलं एक उदाहरण जाता जाता. मजकूर पडदाभर दाखवून खाली `--More--` लिहिणारी कमांड `more`. ती फक्त पुढे जायची. मागेही जाता यावं म्हणून मार्क न्यूडलमन यांनी जी लिहिली, तिचं नाव `less`. 'लेस इज मोअर' ही म्हण माहीत नसेल, तर जास्त काम करणाऱ्या कमांडला 'कमी' का म्हणतात ते कळत नाही.

पायथॉनची गंमत उलटी आहे. तिथे साप मुळात नव्हताच. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात भाषेवर काम सुरू केलं आणि नाव घेतलं 'मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून. उदाहरणांत `spam` आणि `eggs` अशी नावं दिसतात तीही तिथूनच. पण लोकांना साप दिसला तो दिसलाच. लोगोत दोन साप आले, आणि जोडीला 'अ‍ॅनाकोंडा' नावाचा संचही आला. पॅकेजच्या एका जुन्या प्रकाराचं नाव 'एग' पडलं, ते या सापाचं अंडं म्हणून.

त्या एगची जागा पुढे 'व्हील'ने घेतली, म्हणजे `.whl` फाइलीने. चाक म्हटलं की गाडीचं डोळ्यांसमोर येतं. पण पायथॉनच्या पॅकेज-कोठाराचं टोपणनाव होतं 'चीज शॉप', त्याच मालिकेतल्या एका प्रहसनावरून, आणि हे व्हील म्हणजे चीजची गोल चकती. त्या प्रहसनातल्या दुकानात गिऱ्हाईक एकामागून एक चीजची नावं घेत राहतं आणि दुकानात एकही चीज नसतं.