बँकेने कार्ड बदललं, तरी डब्याचे पैसे कसे कापले जातात?
(अमेरिकेत दरमहा मसाला-डबा घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

तुमचं कार्ड हरवतं किंवा त्याची मुदत संपते, बँक नवं पाठवते. आमच्याकडे तुम्ही काहीच बदलत नाही, तरी पुढच्या महिन्याचे पैसे नव्या कार्डावर पडतात. "नवा नंबर तुम्हाला दिला कोणी?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. तो दिला तुमच्याच बँकेने, कार्ड कंपनीच्या मार्फत. या सोयीला व्हिसाकडे अकाउंट अपडेटर म्हणतात, मास्टरकार्डकडे ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर आणि अमेरिकन एक्सप्रेसकडे कार्डरिफ्रेशर.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या व्हिसा कार्डाचे शेवटचे आकडे 4417 आहेत आणि डब्याचे पैसे दर 12 तारखेला कापले जातात. 3 तारखेला तुम्ही कार्ड हरवल्याचं बँकेला कळवलं. बँकेने 4417 बंद करून 9032 काढलं आणि "या जुन्या नंबराच्या जागी हा नवा, मुदत अमुक" अशी नोंद व्हिसाकडे पाठवली. इकडे आमची पेमेंट कंपनी त्या महिन्यात ज्यांचे पैसे कापायचे आहेत अशा कार्डांची यादी आधीच, समजा 7 तारखेला, व्हिसाकडे तपासायला देते. एक-दोन दिवसांत प्रत्येक कार्डापुढे एक अक्षर येतं. A म्हणजे नंबर बदलला, E म्हणजे नंबर तोच पण मुदत नवी, C म्हणजे खातं बंद. तुमच्यापुढे A येतं, पेमेंट कंपनीच्या तिजोरीत 4417 च्या जागी 9032 बसतं आणि 12 तारखेला पैसे नव्या कार्डावर जातात. कधी कधी नवं कार्ड अजून टपालातच असतं आणि त्यावर आमचा व्यवहार दिसतो, तो यामुळेच.

पूर्ण नंबर आम्हाला आधीही दिसत नव्हता, नंतरही दिसत नाही. आमच्या पडद्यावर येतात ते फक्त शेवटचे चार आकडे आणि मुदत. मागचा तीन आकडी कोड या निरोपात नसतोच. तो साठवून ठेवायला कोणत्याही दुकानदाराला मनाई आहे. पत्ताही यातून बदलत नाही. घर बदललं असेल तर ते तुम्हीच कळवायला हवं, नाहीतर पैसे नव्या कार्डावरून आणि डबा जुन्या दारात, असं होतं.

ही साखळी तुटते कुठे? बहुतेकदा तारखांत. तुम्ही 10 तारखेला कार्ड बदललं तर आमची तपासणी तोवर होऊन गेलेली असते. मग 12 तारखेला व्यवहार नाकारला जातो आणि नकाराचा कोड येतो: 54 म्हणजे मुदत संपलेली, 14 म्हणजे नंबर चुकीचा, 41 म्हणजे हरवलेलं कार्ड. अशा वेळी आमचा मेल आला की खात्यात जाऊन नवं कार्ड स्वतः भरा. 51 आला तर खात्यात शिल्लक नाही, त्याचा अपडेटरशी काही संबंध नाही. बँकच बदलली असेल, तर जुनी बँक नव्या बँकेचा नंबर कुठून देणार? प्रीपेड आणि गिफ्ट कार्डांवरही या सोयीचा भरवसा धरू नका.

आता ज्यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतो ते. कार्ड बदलल्याने वर्गणी बंद होत नाही. डबा नको असेल तर तो आमच्याकडेच रद्द करा, 12 च्या आधी. दुसऱ्या एखाद्या कंपनीचे पैसे थांबत नसतील, तर आधी तिथे रद्द करा आणि मग बँकेला सांगा. डेबिट कार्डावर अमेरिकी नियमानुसार ठरलेल्या तारखेच्या किमान 3 कामकाजाचे दिवस आधी बँकेला कळवून असा आवर्ती व्यवहार थांबवता येतो. तोंडी सांगितलं तरी चालतं, मात्र बँक 14 दिवसांत लेखी मागू शकते. कार्ड चोरीला गेलं असेल आणि त्यावर कोणी परस्पर वर्गण्या सुरू केल्या असतील, तर नवं कार्ड काढतानाच "याचे तपशील अपडेटरला पाठवू नका" असं बँकेला सांगा, नाहीतर चोराची वर्गणीही नव्या कार्डावर येऊ शकते. बऱ्याच बँका ही विनंती मान्य करतात.

एक सूचना भारतातल्या कार्डांबद्दल, कारण आई-बाबांच्या तिकडच्या वर्गण्या इथूनच सांभाळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तिथे 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याच्याजागी टोकन असतं. कार्ड बदललं की रिझर्व्ह बँकेच्या खुलाशाप्रमाणे त्या दुकानदाराच्या पानावर जाऊन नवं टोकन करावं लागतं. तिथे नवा नंबर आपोआप पोचेल म्हणून थांबू नका.

तुमच्या खात्यावर नेमकं कोणतं कार्ड आहे ते "पेमेंट" या पानावर दिसतं. अपडेटरने नंबर किंवा मुदत बदलली की आम्ही मेल पाठवतो, त्यात जुने-नवे शेवटचे चार आकडे असतात. ते तुमच्या हातातल्या कार्डाशी जुळले नाहीत तर 12 च्या आधी कळवा, तोवर आम्ही पैसे कापणं थांबवून ठेवू.