सौर पॅनेलला पक्षी व माकडांचा उपद्रव (नागपूर)

छतावरच्या सौर पॅनेलवर पडणारी पक्ष्यांची विष्ठा, पॅनेलखालची कबुतरांची घरटी आणि माकडांच्या उड्या यांमुळे होणारे नुकसान, व त्यावरचे उपाय. नागपुरात सर्वांत चिवट त्रास कबुतरांचा. स्लॅबपासून वीतभर उंच बसवलेल्या पॅनेलखाली सावली असते आणि घारीची नजर पोहोचत नाही. शेजारच्या गच्चीवर कोणी रोज दाणे टाकत असेल, तर विचारायलाच नको.

धुळीचा थर पातळ असतो, त्यातून थोडा उजेड जातो. विष्ठेतून जात नाही. पॅनेलमधले सेल माळेसारखे जोडलेले असतात. एक सेल झाकला की बायपास डायोड त्याचा गट वगळतो, म्हणजे पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद. 540 वॅटच्या 6 पॅनेलच्या संचात असे 18 गट होतात. रोजचे 13 युनिट धरले, तर एका डागापायी पाऊण युनिटभर जाते. धुळीने आकडा हळूहळू उतरतो. स्वच्छ उन्हात तो एका दिवसात घसरला, तर वर जाऊन डाग शोधावा. झाकलेला सेल तापतही राहतो आणि कालांतराने तिथे तपकिरी चट्टा पडू शकतो.

वाळलेली विष्ठा घासू नये. भल्या सकाळी, काच थंड असताना, ओले फडके पंधरा मिनिटे ठेवले की ती सुटते. मे महिन्यात भर दुपारी पाणी मारले, तर तापलेली काच तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटी काच पुसून घ्यावी.

घरट्यांवर खरा उपाय जाळीच. प्लास्टिकच्या घुबडाला कबुतरे काही दिवसांत सरावतात. पॅनेलच्या चारही बाजूंनी, चौकट ते स्लॅब, एक इंची वेल्डमेश लावतात. खारींचा त्रास असेल तर अर्धा इंची. ती चौकटीच्या ओठाला क्लिपने अडकवावी, कारण चौकटीला भोक पाडल्यास हमी जाऊ शकते. पत्रा लावू नये. हवा कोंडते आणि पॅनेल आणखी तापते. आधी आत अंडी-पिल्ले नाहीत ना हे बघावे. अंडी उबायला अठराएक दिवस लागतात आणि पिल्लू उडायला आणखी महिनाभर. पिल्ले आत कोंडली, तर मरून वास सुटतो. जुने घरटे मास्क लावून, पाणी शिंपडूनच काढावे. कोरड्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला घातक असते. उन्हात वायरींत वीज असतेच, त्यामुळे कुरतडलेली वायर दिसल्यास हात न लावता तंत्रज्ञाला बोलवावे.

उंच मांडणीत, जिथे पॅनेलखाली माणसे वावरतात, ही जाळी जमत नाही. तिथे कबुतरे लोखंडी चॅनेलच्या पोकळीत बसतात. तिची तोंडेच बंद करावी लागतात.

वानराचे म्हणाल, तर ते काच फोडतेच असे नाही. उडीने आतल्या सेलला बारीक तडे जातात, ते वरून दिसत नाहीत. लोंबती वायर मात्र ते हमखास ओढते, म्हणून वायरी पाइपात घालून चौकटीला बांधाव्यात. कठड्यालगतची फांदी छाटली की येण्याची वाट कमी होते; छाटणीला महापालिकेची परवानगी लागते. वानर 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे पिंजरा वन विभागाचे काम, आणि विजेचा झटका देणारी तार तर नकोच.