अन्नकचरा (हॉटेल व्यवस्थापन अभ्यासक्रम)

स्वयंपाकघरातील ओला कचरा कमी करणे, वेगळा ठेवणे व कुजवणे यांवरील प्रश्न हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शाश्वततेच्या घटकाखाली येतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी हॉटेलांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली आणि रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले.

कंपोस्टच्या ज्या ‘इंदूर पद्धती’चा पुस्तकांत उल्लेख असतो, तिचे श्रेय सहसा एकट्या ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांना दिले जाते. १९३१ मधील मूळ ग्रंथावर मात्र यशवंत वाड यांचेही नाव सहलेखक म्हणून आहे. चिनी शेतकऱ्यांची खत करण्याची रीत हॉवर्ड यांना वाचनातून ठाऊक होती. त्यामुळे काहीजण या पद्धतीला शोध म्हणत असले, तरी जुन्या रीतीची शास्त्रीय मांडणी म्हणणे अधिक रास्त वाटते.

प्रश्नाचे एक नमुना रूप असे : नाशिकमधील एका मिसळ भोजनालयात २०० ग्राहकांमागे ५८ किलो ओला कचरा निघाला, म्हणजे माणशी २९० ग्रॅम. पैकी ४० किलो देठे-साली, १८ किलो खरकटे. खरकट्यावरचा उपाय कुजवण्याआधीचा आहे : पाव मागेल तसा द्यावा आणि तर्री वेगळ्या वाटीत द्यावी. उरलेली तेलकट तर्री कंपोस्टच्या ढिगात गेल्यास कचऱ्यावर थर धरून हवा अडवते.

देठे-सालींत ७५% पाणी आणि कर्ब-नत्र गुणोत्तर १५ धरू. पालापाचोळ्यात १०% पाणी, गुणोत्तर ६० आणि दोन्हींच्या कोरड्या भागात ४५% कर्ब मानू. १० किलो पाला मिसळल्यास गुणोत्तर सुमारे २३ येते आणि ओलावा ६२% राहतो. पाला १५ किलो केल्यास गुणोत्तर सुमारे २६ आणि ओलावा ५७% होतो. गुणोत्तर २५ ते ३० आणि ओलावा ५० ते ६०% असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. बहुतेक उत्तरपत्रिका गुणोत्तरापाशी थांबतात. आपल्याकडच्या पाणीदार कचऱ्यात खरी अडचण ओलाव्याची असते. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवून ढीग उलथावा. आंबूस-कुजका वास आल्यास हवा कमी पडते आहे, अमोनियाचा दर्प आल्यास नत्र जास्त आहे.

खरकट्याचा मार्ग निराळा. नाशिक महापालिकेने विल्होळी येथे जर्मन सहकार्याने प्रकल्प उभारला असून, त्यात हॉटेलांचा ओला कचरा व शौचालयांतील मैला हवाबंद टाकीत एकत्र कुजवून बायोगॅस आणि त्यापासून वीज करण्याची योजना आहे. ढिगाला त्रासदायक ठरणाऱ्या तेलातून अशा टाकीत, प्रमाण बेताचे राखल्यास, उलट अधिक वायू मिळतो.