हिमोग्लोबिन मापन : सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत

रक्तातील हिमोग्लोबिनचे एकाच स्थिर रंगाच्या संयुगात रूपांतर करून तो रंग कलरीमीटरवर मोजण्याची पद्धत. पोटॅशियम फेरीसायनाइड हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते आणि पोटॅशियम सायनाइड त्याचे सायनमेथहिमोग्लोबिन करते. हा रंग टिकाऊ असतो आणि ५४० नॅनोमीटरला मोजतात. साध्या कलरीमीटरवर त्यासाठी हिरवा फिल्टर लावतात. साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो, त्यामुळे दोन तंत्रज्ञांचे आकडे जुळतीलच असे नाही. येथे तो भाग यंत्र करते. रसायनशास्त्र सहसा दगा देत नाही. चूक होते ती बहुधा रक्ताचे २० मायक्रोलिटर मोजताना.

द्रावण. ड्रॅबकिन द्रावणाच्या आजच्या प्रचलित रूपात एक लिटरसाठी पोटॅशियम फेरीसायनाइड २०० मिलिग्रॅम, पोटॅशियम सायनाइड ५० मिलिग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १४० मिलिग्रॅम आणि आयनरहित डिटर्जंट १ मिलिलिटर लागते. पाणी डिस्टिल्डच हवे. सांगली भागातल्या बोअरच्या खारट, जड पाण्याचा येथे उपयोग नाही. तयार द्रावण फिकट पिवळे व नितळ असते, त्याचा पीएच ७.० ते ७.४ असतो आणि पाण्याशी तुलना करता ५४० नॅनोमीटरला त्याचे रीडिंग शून्य येते. ते तपकिरी बाटलीत ठेवतात. फ्रिजमध्ये गोठलेले द्रावण वितळल्यावर वापरू नये. फेरीसायनाइड कमी झाल्याने रूपांतर अपुरे राहते आणि आकडा खोटा कमी येतो.

सायनाइडची कोरडी पूड जीवघेणी असते. म्हणून लहान प्रयोगशाळेने ती तोलण्याच्या भानगडीत न पडता तयार द्रावण घ्यावे. पिपेट तोंडाने ओढू नये. साहलीचे हायड्रोक्लोरिक आम्ल ज्या बेसिनमध्ये ओततात तिथे हे द्रावण कधीही ओतू नये. आम्लाशी गाठ पडताच विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.

प्रमाण आलेख. ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर प्रमाण द्रावणाची १० मिलिलिटरची कुपी पुरते. चार नळ्यांत ४, ३, २ आणि १ मिलिलिटर प्रमाण द्रावण घालून ड्रॅबकिन द्रावणाने प्रत्येकी ४ मिलिलिटर करतात. पाचवी नळी नुसत्या ड्रॅबकिनची, म्हणजे ब्लँक. नमुना २५१ पट पातळ होत असल्याने ६० चा अर्थ १५.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर रक्त, पुढे ११.३, ७.५ आणि ३.८. समजा रीडिंग ०.३८, ०.२९, ०.१९ आणि ०.०९ आले. बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसतात आणि एक गुणक मिळतो, सुमारे ३९.५. रेषा वरच्या टोकाला वाकली तर फिल्टर किंवा क्युव्हेट तपासावे. फिल्टर, दिवा किंवा यंत्र बदलले की आलेख नवा काढावा. दुसऱ्या यंत्राचा गुणक उसना घेऊ नये.

नमुना. इडीटीए बाटलीतले रक्त आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करतात. जत, आटपाडीच्या शिबिरातून आलेली बाटली तासन्‌तास उभी राहिलेली असते आणि पेशी तळाशी बसलेल्या असतात. वरचे घेतले तर कमी, तळाचे घेतले तर जास्त. रक्त फुटलेले (हिमोलाइज्ड) असेल तर बिघडत नाही, कारण द्रावण पेशी फोडणारच आहे. मात्र छोटीशी गुठळी दिसली तरी नमुना बाद. बोट टोचून घेतल्यास पहिला थेंब पुसावा आणि बोट पिळू नये. ऊतींतला द्रव मिसळून आकडा घसरतो.

५ मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त सोडतात. पिपेटची बाहेरची बाजू आधी पुसून घ्यावी, मग रक्त तळाशी सोडून पिपेट त्याच द्रावणात तीनदा खळबळावी. पाच मिनिटांनी ब्लँकवर शून्य करून रीडिंग घेतात. फॉस्फेटऐवजी बायकार्बोनेट असलेल्या जुन्या द्रावणाला पंधरा मिनिटे द्यावीत. फ्रिजमधले द्रावण खोलीच्या तापमानाला आणूनच वापरावे. पावसाळ्यात पाटण किंवा महाबळेश्वरकडे गार क्युव्हेटवर दव धरते आणि रीडिंग फुगते.

एका गरोदर बाईचे रीडिंग ०.२५ आले : ०.२५ × ३९.५ = ९.९ ग्रॅम, म्हणजे मध्यम रक्तक्षय. ०.२६ आले असते तर १०.३, म्हणजे सौम्य. काट्याचा एक घर फरक वर्ग बदलतो. पिपेटमध्ये रक्त २० ऐवजी १९ मायक्रोलिटर असले तरी ५ टक्के, म्हणजे अर्धा ग्रॅम जातो. सीमेजवळचा आकडा आला की त्याच बाटलीतून दुसरी नळी लावावी, दोन्हींत ०.०१ हून अधिक फरक पडला तर तिसरी.

मर्यादा. गढूळपणा यंत्राला रंगच वाटतो. चरबीयुक्त रक्त किंवा ल्युकेमियातील फार वाढलेल्या पांढऱ्या पेशींमुळे आकडा खोटा वाढतो. पेशींचा गढूळपणा असेल तर नळी सेंट्रिफ्यूज करून वरचा नितळ भाग मोजतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातले कार्बॉक्सीहिमोग्लोबिन सावकाश बदलते, त्याला अर्धा तास द्यावा. सल्फहिमोग्लोबिन मात्र या पद्धतीत मोजलेच जात नाही.