निफ्टीचा दूरचा पुट महाग का असतो आणि त्यातून काय वाचता येते
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

समजा, निफ्टीचा चालू महिन्याचा फ्युचर बरोबर २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला ३० दिवस उरले आहेत. पाच टक्के खाली २३,७५० चा पुट आहे, म्हणजे एक्स्पायरीला निफ्टी त्या भावाला विकण्याचा हक्क, आणि पाच टक्के वर २६,२५० चा कॉल, म्हणजे त्या भावाला घेण्याचा हक्क. दोन्ही बाजारभावापासून सारख्याच अंतरावर आहेत. तरी पुटचा भाव ९० रुपये आणि कॉलचा २६ रुपये. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत, व्याज सोडून दिले आहे. पण शांत बाजारातही निफ्टीच्या ऑप्शन चेनमध्ये, म्हणजे सगळ्या पुट-कॉलच्या भावांच्या तक्त्यात, चित्र साधारण असेच दिसते. खालच्या बाजूला कोणीतरी साडेतीनपट पैसे मोजायला तयार आहे. तो कोण आहे आणि का मोजतो, हे कळले की चेन नुसता आकड्यांचा तक्ता राहत नाही.

ऑप्शनच्या भावातून उलट गणित करून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे त्या भावात गृहीत धरलेली वरखाली, काढतात. एनएसईच्या चेनमध्ये ती IV या रकान्यात दिसते. २५,००० चा पुट ३७२ रुपयांना असेल तर त्याची आयव्ही १३ टक्के येते. हा वार्षिक दर आहे. ३० दिवसांसाठी त्याचा अर्थ साधारण पावणेचार टक्क्यांची वरखाली. आता सगळ्याच स्ट्राइकना, म्हणजे २३,७५० सारख्या ऑप्शनमध्ये ठरलेल्या भावांना, हीच १३ टक्के लावून पाहू. २३,७५० चा पुट ३५ रुपयांना यायला हवा आणि २६,२५० चा कॉल ४३ रुपयांना. म्हणजे सूत्राच्या हिशेबाने कॉलच थोडा महाग असायला हवा होता. प्रत्यक्षात पुट ९० ला आहे, त्यातून आयव्ही १७ टक्के निघते. कॉल २६ ला आहे, तिथे ती ११.५ टक्केच आहे. स्ट्राइक आडव्या अक्षावर आणि आयव्ही उभ्या अक्षावर घेतली तर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ मिळते. हाच व्होलॅटिलिटी स्क्यू. आपल्या उदाहरणात दोन टोकांमधला फरक साडेपाच टक्क्यांचा आहे.

हा उतार आला कुठून

अमेरिकेत १९८७ पर्यंत एस अँड पी ५०० च्या ऑप्शनमध्ये ही रेघ जवळपास सपाट होती. १९ ऑक्टोबर १९८७ ला तो निर्देशांक एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक कोसळला. घसरण सुरू झाली की फ्युचर विकून पोर्टफोलिओ वाचवायचा, अशी यांत्रिक पद्धत तेव्हा अनेक मोठ्या संस्था वापरत होत्या. सगळ्यांनी एकदमच विकायला घेतल्यावर पलीकडे घेणारा उरला नाही. त्यानंतर दूरचे पुट स्वस्तात विकायला कोणी तयार होईना, आणि तो उतार आजतागायत टिकून आहे.

आपल्याकडेही कारणे तीच आहेत. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांना खालच्या बाजूचा विमा हवा असतो, म्हणून ते पुट घेतात. तेच लोक थोडे उत्पन्न मिळावे म्हणून वरचे कॉल विकतात. त्यामुळे एका बाजूला कायम खरेदीचा दाब आणि दुसऱ्या बाजूला विक्रीचा. पुट विकणाऱ्याची बाजूही पाहा. २३,७५० चा पुट ९० रुपयांना विकला आणि रात्रीत काही घडून निफ्टी आठ टक्के खाली, २३,००० वर उघडला, तर पुटची अंगभूत किंमतच ७५० होते. निफ्टीच्या एका युनिटमागे किमान ६६० रुपयांचा तोटा, वर वाढलेली आयव्ही आणि वाढलेले मार्जिन. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला होता, ४ जून २०२४ ला सुमारे सहा टक्के. वरच्या दिशेनेही उसळी येते. १८ मे २००९ ला लोकसभा निकालानंतर निफ्टी एका दिवसात १७ टक्क्यांहून अधिक वर गेला होता. पण तसे दिवस विरळ, आणि वर जाताना कोणाला घाबरून खिडकी गाठायची नसते.

आणखी एक कारण आहे, ते फारसे सांगितले जात नाही. घसरणीत बँका, आयटी, औषधे सगळे एकत्र पडतात. एरवी एकाची घट दुसऱ्याची वाढ भरून काढते, तेव्हा ते होत नाही. म्हणून निर्देशांकाचा स्क्यू बहुतेक एकट्या शेअरच्या स्क्यूपेक्षा तीव्र असतो. निफ्टीचा महागडा पुट हा मुख्यतः ‘सगळेच एकदम पडले तर’ या शंकेचा भाव आहे.

नवी भीती की जुन्याच रेघेवरची घसरगुंडी

इथे सर्वात जास्त गफलत होते, म्हणून थोडे थांबू. निफ्टी दोन टक्के पडून २४,५०० वर आला आणि बातमी आली, ‘इंडिया व्हीआयएक्स वाढला, बाजारात भीती’. हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित वरखाली मोजतो. पण खरेच नवी भीती आली का?

कालच्या रेघेवर २४,५०० या स्ट्राइकची आयव्ही आधीच १४.५ टक्के होती. आज बाजारच तिथे पोचला. त्यामुळे बाजारभावाजवळच्या ऑप्शनची आयव्ही १३ वरून १४.५ झाली, आणि व्हीआयएक्सही वर सरकला. पण २४,५०० च्या स्ट्राइकची आयव्ही काल १४.५ होती आणि आजही १४.५ च आहे, तर कोणाचेही मत बदललेले नाही. अशी घसरण झाली तर आयव्ही इतकी असेल, हे बाजाराने कालच लिहून ठेवले होते.

त्याच स्ट्राइकची आयव्ही आज १७ झाली असेल तर गोष्ट वेगळी. अख्खी रेघच वर उचलली गेली आहे. लोक कालच्यापेक्षा जास्त भाव देऊन संरक्षण घेत आहेत. उलट ती १३.५ वर उतरली असेल, तर बाजार पडूनही धास्ती कमी झाली, ही पडझड अपेक्षितच होती असे समजायचे. म्हणून आदल्या दिवशीची चेन जपून ठेवा आणि तोच स्ट्राइक, तीच एक्स्पायरी शेजारी ठेवून पाहा. एवढे केले तरी मथळ्यांपेक्षा बरेच जास्त कळते.

उताराची तुलना करताना मात्र स्ट्राइक धरून चालत नाही. महिनाभराने २३,७५० हा स्ट्राइक पाच टक्के दूर राहीलच असे नाही. ढोबळ कामासाठी दर वेळी त्या दिवसाच्या फ्युचरपासून पाच टक्के खालचा पुट आणि पाच टक्के वरचा कॉल घ्यावा आणि आयव्हीतला फरक नोंदवावा. जाणकार २५ डेल्टाचे पुट आणि कॉल घेतात, म्हणजे निफ्टी १०० ने हलला तर ज्यांचा भाव साधारण २५ ने हलतो असे. कारण आयव्ही १३ असताना पाच टक्के दूर वाटतात, ती ३० असताना ते अंतर अगदी हाताशी असते. डेल्टा हा बदल सामावून घेतो. मुदतही सारखी हवी, ३० दिवसांच्या आसपास. एक्स्पायरीच्या आठवड्यातला स्क्यू भडक दिसतो, त्याची महिन्याच्या स्क्यूशी तुलना करू नये.

महाग पुट म्हणजे भाकीत नव्हे

स्क्यू तीव्र झाला की ‘आता पडणार’ असा निष्कर्ष काढणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. आमचे मत स्पष्ट आहे: तसा निष्कर्ष निघत नाही. विम्याच्या हप्त्यात अपघाताच्या शक्यतेबरोबर विमा देणाऱ्याचा मोबदलाही असतो, तसे ९० रुपयांत घसरणीची शक्यता किती आणि पुट विकणाऱ्याने जोखीम घेतल्याचा मोबदला किती, हे भावावरून वेगळे काढता येत नाही.

शिकागोच्या सीबीओई या ऑप्शन बाजाराचा स्क्यू निर्देशांक एस अँड पी ५०० च्या दूरच्या पुटवरून काढला जातो. जून २०२१ मध्ये तो १७० च्या वर, तोवरच्या उच्चांकावर गेला. व्हीआयएक्स तेव्हा १६ च्या आसपास, म्हणजे पृष्ठभागावर शांतता. कोसळले काहीच नाही; निर्देशांकाने ते वर्ष आणखी वर संपवले. याच्या उलट १६ मार्च २०२० ला अमेरिकेचा व्हीआयएक्स ८२.६९ या विक्रमी पातळीवर बंद झाला, तेव्हा स्क्यू निर्देशांक फार खाली होता. घर पेटलेले असताना जवळचे ऑप्शनही इतके महागतात की दूरच्यांचा वेगळा अधिभार उरत नाही. व्हीआयएक्स पुढच्या महिनाभरातल्या एकूण अपेक्षित हालचालीबद्दल बोलतो, स्क्यू अजून न घडलेल्या मोठ्या घसरणीबद्दल. दोन्ही एकत्र वाचावेत.

आकडे वाचताना फसवणारे काही

दूरच्या स्ट्राइकचा LTP, म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, तासाभरापूर्वीचाही असू शकतो. त्यावरून निघालेली आयव्ही निरर्थक असते. घेणाऱ्याचा भाव BID आणि विकणाऱ्याचा भाव ASK यांचा मध्य घ्या. त्या दोघांत फार अंतर असेल तर तो स्ट्राइक सोडून द्या. एकाच स्ट्राइकच्या पुट आणि कॉलची आयव्ही जवळपास सारखी असली पाहिजे. बराच फरक दिसला तर ती भीती नसते. बहुधा हिशेब फ्युचरऐवजी स्पॉट भावावरून झालेला असतो.

तुमच्या पोर्टफोलिओसाठी याचा अर्थ

शेअर आहेत, ते विकायचे नाहीत, पण मोठ्या घसरणीपासून जपायचे आहे, तर पुट घ्यायचा आणि त्याचा खर्च निघावा म्हणून वरचा कॉल विकायचा, ही कॉलरची पद्धत. आपल्या उदाहरणात पाच टक्के वरचा कॉल विकून फक्त २६ रुपये येतात, पुटला लागतात ९०. खिशातून काहीच घालायचे नसेल तर ९० च्या आसपास भाव असलेला कॉल शोधावा लागतो, आणि तो २५,७५० च्या जवळ सापडतो. म्हणजे खाली पाच टक्के तोटा तुम्ही सोसणार, त्यापुढे संरक्षण. पण वर तीन टक्क्यांनंतरचा सगळा नफा सोडून देणार. स्क्यू नसता, म्हणजे सगळीकडे १३ टक्केच असती, तर पाच टक्के वरचा कॉल विकूनही पुटचा खर्च निघाला असता.

दुसरा मार्ग म्हणजे २३,७५० चा पुट घेऊन त्याहून खालचा, समजा २२,५०० चा पुट विकणे. खालच्या स्ट्राइकची आयव्ही आणखी चढी असल्याने तो तुलनेने महाग विकला जातो आणि खर्च कमी होतो. मात्र २२,५०० च्या खाली संरक्षण थांबते. ज्यांना २०२० सारख्या घसरणीची धास्ती आहे, त्यांना तो उपयोगाचा नाही. दहा टक्क्यांपर्यंतची पडझड झाकायची असेल तर पुरतो. कॉलर किंवा पुटची जोडी करण्याआधी ‘किती टक्के खाली संरक्षण, त्याबदल्यात किती टक्के वरचा नफा’ हे दोन आकडे आमच्याकडून त्या दिवसाच्या भावाने लिहून घ्या. शांत आठवड्यात आणि धास्तीच्या आठवड्यात ते वेगळे येतात.